हनुक्काचा शेजाऱ्यांसाठी व्हिडिओ: दुसरा कट, आणि मेणबत्त्यांची उजवी-डावी बाजू

सोसायटीतल्या शेजाऱ्यांना हनुक्का हा ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण म्हणजे काय ते सांगणाऱ्या व्हिडिओचा दुसरा कट तयार आहे. लांबी ३ मिनिटं २० सेकंद, निवेदन मराठीत. पहिला कट पाच मिनिटांच्या वर होता, त्यात कथा आणि चालीरीती दोन्ही अर्ध्या-मुर्ध्या राहिल्या होत्या. आता कथेला सव्वा मिनिट दिलंय, दीड मिनिट दिवे लावण्याच्या कृतीला, आणि उरलेला वेळ भोवऱ्याच्या खेळाला व तळणीच्या पदार्थांना. असाच व्हिडिओ करायला घेणाऱ्यांच्या उपयोगाची सगळ्यात मोठी गोष्ट दिव्यांच्या बाजूची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

हनुक्काच्या दीपपात्राला हनुक्किया म्हणतात. आठ रात्रींचे आठ दिवे एका ओळीत, एका उंचीवर; नववा, शमाश, जरा उंचावर किंवा बाजूला. शमाश म्हणजे सेवक: त्याने बाकीचे पेटवायचे. मेणबत्त्या लावणाऱ्याच्या उजव्या हाताकडून डावीकडे रोज एक वाढवत ठेवायच्या, पण पेटवताना सुरुवात सगळ्यात नव्या, म्हणजे सगळ्यात डावीकडच्या मेणबत्तीपासून करून उजवीकडे जायचं. भरायची दिशा एक, पेटवायची उलटी. हे बोलून समजत नाही, दिसावं लागतं.

तिसरी रात्र घेऊ. लावणाऱ्याच्या अगदी उजवीकडच्या तीन जागा भरलेल्या, डावीकडच्या पाच रिकाम्या. आधी शमाश पेटतो. मग तीनपैकी डावीकडची, मग मधली, शेवटी उजव्या टोकाची. आता कॅमेरा टेबलाच्या पलीकडे लावणाऱ्याच्या समोर ठेवला, की पडद्यावर त्या तिन्ही मेणबत्त्या डाव्या टोकाला दिसतात. निवेदन म्हणतं ‘उजवीकडून’ आणि चित्र दाखवतं डावीकडून. पहिला कट पाहणाऱ्यांचा नेमका हाच गोंधळ झाला. त्यात फोनचा पुढचा कॅमेरा वापरलेला एक तुकडाही होता. काही फोन तो व्हिडिओ आरशासारखा उलटा साठवतात. समोरून घेतलेला तुकडा असा उलटला की दिवे योगायोगाने बरोबर बाजूला दिसतात, पण उजवा हात डावा होतो आणि भोवऱ्यावरची अक्षरं उलटी होतात.

उपाय साधा आहे. मागचा कॅमेरा वापरा आणि तो लावणाऱ्याच्या मागे, डाव्या खांद्याच्या थोडा वर ठेवा. उजव्या खांद्यावर ठेवला तर पेटवणारा हातच ज्योत झाकतो. आणि प्रत्येक नव्या मांडणीत आधी पाच सेकंद मराठी वर्तमानपत्राचा मथळा चौकटीत धरून चित्रीत करा. मथळा वाचता आला तर चित्र सरळ आहे. संपादन करताना हे पाच सेकंद कापायचे.

खिडकीचा एक शॉट मुद्दाम ठेवलाय. दिवे खिडकीत किंवा दारात ठेवायचे ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावेत म्हणून. जेरुसलेमच्या मंदिरात एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं, त्या चमत्काराची जाहीर आठवण हाच त्यामागचा हेतू. बाहेरून मेणबत्त्या उलट बाजूला दिसणारच, म्हणून तिथे निवेदनात एक वाक्य घातलंय: ‘हे बाहेरून दिसणारं दृश्य आहे, घरातल्यांना दिवे उजवीकडे दिसतात.’

हनुक्किया नसेल तर नऊ पणत्या चालतात, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्याला त्या ओळखीच्या असल्यामुळे कटमध्ये एक शॉट पणत्यांचाच आहे. आठ पणत्या सरळ रेषेत ठेवायच्या. नववी उलट्या वाटीवर ठेवून उंच करायची. दोन पणत्यांमध्ये किमान दोन बोटं अंतर हवं, कारण ज्योती एकमेकींत मिसळून एकच जाळ झाला तर ते आठ दिवे मानले जात नाहीत. मेणबत्त्यांच्या बाबतीत या अंतराला दुसरंही कारण आहे. जवळ ठेवलेल्या बारीक मेणबत्त्या शेजारच्या आचेने मऊ होतात आणि मधूनच वाकतात, विशेषतः सातव्या-आठव्या रात्री. वाकलेल्या मेणबत्तीचं मेण एकाच बाजूने ओघळू लागलं की पाच मिनिटांत ती आडवी होणार हे समजावं. पंखा बंद हवाच. तेल कुठलंही चालतं, ऑलिव्हचं उत्तम मानलं जातं, कारण मंदिरातला दिवा त्याच तेलाचा होता.

आठही रात्रींना मिळून ३६ मेणबत्त्या लागतात, रोजचा एक शमाश धरून ४४. एकेक मेणबत्ती मोडण्याची शक्यता धरून ५० आणा.

२०२६ साली तारखांकडे नीट बघावं लागेल. हिब्रू पंचांगातल्या किस्लेव महिन्याची २५ तारीख, म्हणजे हनुक्काची पहिली रात्र, ४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होते, तो शुक्रवार आहे. आठवी रात्रही शुक्रवारीच, ११ डिसेंबरला. सूर्यास्तानंतर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो, मग आग पेटवता येत नाही आणि पाळणाऱ्या घरात कॅमेराही चालत नाही. म्हणून त्या दोन्ही दिवशी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या मेणबत्त्यांच्या आधी, म्हणजे दिवस मावळण्यापूर्वी लावायचे, आणि ते अंधार पडल्यानंतर निदान अर्धा तास जळत राहिले पाहिजेत. मुंबई-ठाण्याकडे तेव्हा सूर्यास्त साधारण सहाला असतो, म्हणजे दिव्यात दीड तासाचं इंधन हवं. रंगीत बारीक मेणबत्त्या बहुतेक अर्ध्या-पाऊण तासात संपतात. तेवढ्या दोन रात्री मोठ्या मेणबत्त्या घ्या किंवा पणत्या काठोकाठ भरा, आणि आदल्या दिवशी एक पणती घड्याळ लावून जाळून बघा.

पहिली आणि आठवी, दिसायला सगळ्यात सुंदर रात्री, अशा हातच्या गेल्या. त्यामुळे चित्रीकरण सणाच्या आधीच, सराव म्हणून करायचं ठरलं. त्यात एक पथ्य आहे. प्रत्यक्ष दिवे लावत नसताना आशीर्वाद पूर्ण म्हणत नाहीत. देवाच्या नावाच्या जागी ‘हाशेम’ म्हणायचं. पहिल्या रात्री तीन आशीर्वाद असतात, बाकीच्या रात्री दोन. तिसरा, शेहेहेयानु, ‘आम्हाला या वेळेपर्यंत आणलंस’ असं म्हणणारा, पहिल्याच रात्रीचा. दुसऱ्या रात्रीच्या चित्रावर तीन आशीर्वादांचा आवाज बसवला गेला होता, तो काढलाय. सणाच्या दिवसांत खरे दिवे चित्रीत करायचे तर पुन्हा टेक घ्यायला दिवा विझवायचा नाही. मिळालं तेवढं घ्यायचं.

ज्योत पांढरा ठिपका दिसत असेल तर फोन अंधारी खोली उजळू बघतोय. ज्योतीच्या शेजारी, फोनच्या पडद्यावर मेणबत्तीच्या देहावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. मग उजेड खाली ओढा, ज्योतीच्या बुडाशी निळसर कड दिसेपर्यंत. खोलीत एलईडी चालू असेल तर पट्टे सरकताना दिसतात, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे. व्हिडिओ २५ फ्रेमवर आणि शटर १/५० ठेवलं की ते जातात.

आता कथा. सगळ्यांना माहीत असलेला भाग असा: इ.स.पू. १६७ मध्ये सेल्युसिद या ग्रीक घराण्याचा राजा अँटिओकस चौथा याने जेरुसलेमच्या मंदिरात ज्यू उपासना बंद पाडली आणि तिथे ग्रीक पूजा सुरू केली. मोदीन गावचा पुरोहित मत्तथ्या आणि त्याची मुलं उठली. मुलगा यहुदा मक्काबी याने मंदिर परत मिळवलं आणि इ.स.पू. १६४ मध्ये किस्लेवच्या २५ तारखेला त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. हनुक्का या शब्दाचा अर्थच प्रतिष्ठापना. मग येते तेलाची कुपी: महापुरोहिताची मोहोर असलेली एकच सापडली, तेल एका दिवसाचं, जळलं आठ दिवस.

मक्काबींच्या दोन्ही जुन्या ग्रंथांत आठ दिवसांचा उत्सव आहे, कुपी मात्र नाही. दुसरा ग्रंथ म्हणतो की तो उत्सव मांडवांच्या सणासारखा, सुक्कोथसारखा केला. कुपीची गोष्ट नंतरच्या बाबिली तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांच्या ग्रंथात, येते. म्हणून निवेदनात दोन वेगळी वाक्यं केलीत, ‘इतिहास सांगतो’ आणि ‘परंपरा सांगते’. याने कथा फिकी पडत नाही, उलट लढाईचा सण दिव्यांचा कसा झाला ते कळतं. रोज दिवा वाढवत नेण्याचा नियमही त्याच तालमूदमधल्या वादातून आलाय: शम्माय या गुरूच्या शिष्यपरंपरेचं म्हणणं आठपासून कमी करत जा, हिल्लेल या गुरूच्या शिष्यपरंपरेचं एकापासून वाढवा. हिल्लेलचं मत टिकलं.

चित्रं निवडताना एक चूक हमखास होते. मंदिरातला मेनोरा, म्हणजे दीपस्तंभ, सात दिव्यांचा. रोममधल्या टायटसच्या कमानीवर कोरलेला आहे तो. कथेच्या भागात तो बरोबर, घरातल्या दृश्यात नऊच हवेत.

‘ज्यूंची दिवाळी’ हे शब्द कटमधून काढलेत. पणतीमुळे तुलना सुचते, पण नियम वेगळा आहे: हनुक्काच्या उजेडात वाचायचं नाही, काम करायचं नाही, तो फक्त बघायचा. चुकून उजेड वापरला गेलाच तर तो शमाशचा धरावा, हेही शमाशचं एक काम. हा भाग चित्रात दाखवता येतो: दिव्यांसमोर मिटलेलं पुस्तक.

महाराष्ट्राचा दुवा वीस सेकंदांत बसवलाय. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, आणि तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ झाले. त्यांच्या जुन्या सणांना मराठी नावं होती, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. हनुक्काला असं नाव नाही, कारण तो त्यांच्या जुन्या सणांत नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर तो आला. मलिदा हा बेने इस्रायलींचा स्वतंत्र विधी आहे, त्याचा या सणाशी संबंध नाही. पहिल्या कटमधलं मलिद्याचं ताट काढलं.

तळणीचे पदार्थ तेलाच्या आठवणीचे: बटाट्याचे लाटके, जॅम भरलेले तळलेले डोनट, म्हणजे सुफगानियोत. भोवऱ्याच्या चार बाजूंना नून, गिमेल, हे, शिन: ‘तिथे मोठा चमत्कार झाला’ याची आद्याक्षरं. इस्राएलमध्ये शिनच्या जागी पे, म्हणजे ‘इथे’. नून पडलं तर काही नाही, गिमेलला सगळं, हेला अर्धं, शिनला एक टाकायचं. शेंगदाणे लावून खेळा. नून आणि गिमेल पडद्यावर सारखे वाटतात. गिमेलला खाली लहानसा पाय असतो, तो दिसेल इतक्या जवळून शॉट हवा.

राहिलेलं काम: देवनागरीच्या ओळीत हिब्रू अक्षरं टाकली की संपादनाच्या ॲपमध्ये त्यांचा क्रम उलटतो, म्हणून चारही अक्षरं चित्र म्हणून बसवायची आहेत. शिवाय लाटक्यांच्या शॉटमध्ये तेलाच्या तडतडीखाली निवेदन बुडतंय, तिथला मूळ आवाज निम्म्याने कमी करायचा.