एका सारांशाचा स्क्रीनशॉट मराठीत आणताना

माझी मामेबहीण आशा सेविकांची गटप्रवर्तक आहे. आशांच्या बैठकीत वाचून दाखवायला तिला 'लॅन्सेट'मधल्या १९९९च्या एका शोधनिबंधाचा सारांश मराठीत हवा होता. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी केलेला, नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा तो अभ्यास. "दादा, जिथे शब्द नक्की नसेल तिथे तसं लिही. बायका मला विचारतात, आणि मी ठोकून देऊ शकत नाही," एवढीच तिची अट.

स्क्रीनशॉटमधून मजकूर उचलणाऱ्या अॅपने पहिल्याच घासाला खडा दिला. नवजात मृत्युदर आला २५५. हस्तक्षेपाच्या, म्हणजे ही काळजी सुरू होण्याच्या, आधी तो हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता, म्हणजे काळजी घेतल्यावर मृत्यू चौपट झाले असा अर्थ निघत होता. चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा कारण कळलं. लॅन्सेट दशांश चिन्ह ओळीच्या तळाशी न देता मध्यावर देतं, २५·५ असं. अॅपने तो ठिपका गिळला होता. p<0·001 चीही तीच गत. त्यानंतर एकूण एक आकडा मूळ चित्राशी ताडून घेतला. अशा कामात आधी आकडे लावावेत आणि मग भाषेला हात घालावा, हे माझं ठाम मत.

भाषेत सर्वांत जास्त वेळ तीन मृत्युदरांनी खाल्ला. तिसऱ्या वर्षी हस्तक्षेपाच्या गावांत नवजात मृत्युदर २५.५, अर्भक मृत्युदर ३८.८ आणि 'पेरिनेटल' मृत्युदर ४७.८ होता. पहिल्या दोन्हींना पक्के शब्द आहेत. नवजात म्हणजे पहिले अठ्ठावीस दिवस, अर्भक म्हणजे वर्षाच्या आतलं. (वर्तमानपत्रं सगळ्यालाच बालमृत्यू म्हणून मोकळी होतात, ते सोडा.) तिसऱ्याचं मात्र अवघड. 'प्रसूतिकालीन मृत्यू' लिहिलं की वाचणाऱ्याला आईचा मृत्यू वाटतो. 'परिजन्म' कोशात शोभतो, पण बैठकीत कोणाला कळणार? शिवाय हा आकडा अर्भकांच्या आकड्यापेक्षा मोठा कसा, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर व्याख्येतच आहे: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोटातच दगावलेली बाळंही यात धरतात, आणि त्यांच्या जोडीला जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात गेलेली. म्हणून शब्द न बनवता 'जन्माच्या आगेमागचे मृत्यू (मृतजन्म धरून)' असं लिहिलं आणि पुढे 'रूढ प्रतिशब्द नाही' अशी खूण केली.

दुसरी अडचण गावांची. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावांत दिली नाही. या दुसऱ्या गटाला शब्दशः 'नियंत्रण गावे' म्हणतात, पण ऐकणाऱ्याला तिथे बंदोबस्त लावला होता असं वाटावं. मी 'तुलनेची गावे' लिहिलं. 'हस्तक्षेप' संशोधनाच्या मराठीत रुळलाय, तरी गावात त्याला ढवळाढवळीचा वास येतो. तिथे 'सेवा दिलेली गावे' पुरलं.

तुलनेचा मुद्दा आकड्यातही आहे. ६२ वरून २५.५ म्हणजे साधारण ५९ टक्के घट, पण सारांशात ६२.२ टक्के आहे. छापताना चूक झालेली नाही. त्याच काळात तुलनेच्या गावांत काय झालं तेही हिशेबात धरलंय. म्हणून नुसतं 'घट' न लिहिता 'तुलनेच्या गावांशी ताडून निव्वळ घट' असं लिहावं लागलं.

'सेप्सिस' मी तसाच ठेवला. 'जंतुसंसर्ग' फार ऐसपैस, त्यात बेंबीचा किंवा डोळ्यांचा संसर्गही येतो. 'रक्तात जंतू' फार अरुंद, कारण निबंधातच या एका नावाखाली रक्तातला जंतुसंसर्ग, मेंदूच्या आवरणाचा दाह आणि न्यूमोनिया असे तीन आजार धरलेत. उपचार करायच्या आधी या आजाराच्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत, आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के. हे प्रमाण फक्त आजारी बाळांमधलं आहे, त्यामुळे त्यालाही 'मृत्युदर' म्हटलं तर वरच्या आकड्यांशी गल्लत होते. मी 'आजारी बाळांतील मृत्यूंचं प्रमाण' असं लांबलचक लिहिलं.

अनुवाद आणि खाली सहा शब्दांची यादी पाठवली. 'बर्थ अॅस्फिक्सिया'ला मी 'जन्मतः श्वासावरोध' दिला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. तिचं उत्तर आलं, "दादा, दाई म्हणते बाळ रडलंच नाही. तेच लिही ना." मी लिहिलं, पण न रडणारं प्रत्येक बाळ गुदमरलेलं असतंच असं नाही आणि श्वास बघावाच लागतो, ही ओळही खाली जोडली.