दुपारचे चार डबे

"वहिनी, गिरणी दुपारी बंद का असते हो? आणि सुट्टी सोमवारचीच कशाला? गुरुवारी वीज जातेच, तेव्हा घ्या की!"

पाटी लावून तीन वर्षं झाली. सकाळी साडेसात ते एक, संध्याकाळी साडेचार ते साडेआठ, सोमवारी बंद. तरी आठवड्यातून दोनदा तरी मला हे ऐकावं लागतं, आणि विचारणारा हातात रिकामा डबा घेऊन उभा असतो, म्हणजे गिरणी उघडीच असते. म्हणून एकदाच लिहून टाकते.

सोमवारचं सोपं आहे. रविवारी अख्खं सातारा दळायला निघतं. आठवडाभराचे गहू, आठ-दहा दिवसांची ज्वारी (त्याहून जास्त कोणी दळत नाही, पीठ विरी जातं आणि भाकरी थापताना चिरते). रविवारी रात्री दगड बोथट झालेला असतो. ओळखायला यंत्र लागत नाही. पीठ खाली पडतं ते हात भाजेल इतकं गरम असतं आणि बोटांत चोळलं की रवाळ लागतं. मग सोमवारी पाळी खोलायची, दगडाला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने खाचा पाडायच्या. त्यात अर्धा दिवस जातो. म्हणजे ज्याला तुम्ही सुट्टी म्हणता त्या दिवशी मी छिन्नीचा आवाज ऐकत आणि कारागिराला चहा देत बसलेली असते.

गुरुवारचा प्रयोग करून झालाय. वीज दर गुरुवारी जात नाही, आणि गेली तर केव्हा येईल ते ती सांगून जात नाही. टाकीला वीज लागत नाही हे खरं, पण टाकी लावल्यावर दगड चालवून बघावाच लागतो. पहिल्या पिठात कच येते. दोन किलो हलके तांदूळ घालायचे, ते गुरांना द्यायचे, परत घालायचे, दाताखाली धरून बघायचं. गुरुवारी दुपारी वीज नाही म्हणून ते राहिलं, आणि शुक्रवार सकाळच्या पहिल्या डब्याच्या मालकिणीने शनिवारी कचकचणारी पोळी आणून दाखवली. वर दगड बोथट असायचा सोमवार ते बुधवार, कारण रविवारी झिजून गुरुवारची वाट बघायची. एका महिन्यात मी परत सोमवारवर आले.

अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, काळात हा प्रश्नच नव्हता. १९४८च्या कायद्यात दुकान आठवड्याला एक दिवस बंद ठेवावंच लागे. २०१७च्या कायद्याने बाराही महिने उघडं ठेवायची मुभा दिली, आणि तेव्हापासून बंद असणं हा दुकानदाराचा आळस ठरला. दगडाला हा बदल कोणी कळवलेला नाही.

आता दुपार. इथे मी जरा अडखळते.

मी अंदाजाने ठरवलं नाही. शाळेच्या वहीत सहा आठवडे रकाने आखले. वार, तास, डबा कशाचा, किती किलोचा. साध्या दिवशी सकाळी अकरापर्यंत वीस-बावीस डबे यायचे, संध्याकाळी तीस. एक ते चारमध्ये चार. तेही दोन-तीन किलोचे, कुणाची ज्वारी, कुणाचे गहू, कुणाची बाजरी. धान्य बदललं की आधीचं थोडं पीठ पाळीत राहतं. दहा किलोला ते जाणवत नाही, दोन किलोला जाणवतं, आणि मग भांडण. एकाच धान्याचे डबे जमवून दळले तर माल स्वच्छ निघतो, ते दुपारी जमतच नाही. चार डब्यांसाठी मोटर चार वेळा चालू-बंद. हिशेब स्वच्छ होता. मी पाटी रंगवायला टाकली.

पाटी लागून पाच दिवस झाले होते. मी वर जेवत होते. शटर वाजलं. एकदा, मग परत. "वहिनी, हाय का कुणी?" आवाज ओळखीचा. आमच्या पेठेत तीन घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी. सकाळची कामं अडीचला उरकतात, संध्याकाळची चारला सुरू होतात, मधल्या वेळात त्या डबा घेऊन यायच्या. मी घास हातात धरून बसले. एकदा उघडलं की उद्यापासून रोज उघडावं लागेल, असं मनाशी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

खिडकीतून दिसत होतं. कमरेवर स्टीलचा डबा, वर पदराची चिंधी बांधलेली. त्यांनी डबा पायरीवर ठेवला, कुलूप हाताने हलवून बघितलं. पाटीकडे बघितलं, पण त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. वहीत रकाने आखताना मात्र ते आठवलं नव्हतं. दहा मिनिटं त्या पायरीवर बसल्या. मग डबा उचलून गेल्या, भरलेलाच.

रविवारी आल्या. मीच विषय काढला. म्हणाल्या, "त्या दिशी भातच टाकला. पोरगं इचारत होतं भाकर का न्हाई." मग माझा चेहरा बघून, "तुमचंबी खरंच हाय, जेवाया नको का." भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या महिन्यापासून त्या स्टँडजवळच्या गिरणीत जाऊ लागल्या. तिथे दिवसभर चालू असतं. दगडाला टाकी कधी लावतात ते विचारू नका.

त्या वहीतल्या बाईला मी आज विचारते, चार डबे मोजलेस, पण ते कोणाचे ते का नाही लिहिलंस? सकाळी येणाऱ्या बावीस जणी संध्याकाळीही येऊ शकतात. दुपारच्या चौघींना दुसरी वेळच नव्हती. ती बाई उलट विचारते, मग तू पावणेपाचला जेवणार का? पीठ नाकातोंडात घेऊन तेरा तास उभी राहणार का? दोघींचं पटत नाही.

सणांचं त्या मानाने नीट बसलंय, कारण तिथे गर्दीच वेळ ठरवते. भोगीआधी दोन दिवस बाजरीच बाजरी, आणि भोगीच्या दिवशी कोणी फिरकत नाही. दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत चकलीची भाजणी, तेव्हा सातला उघडते आणि रात्री दहाला बंद करते. लक्ष्मीपूजनाला दुपारी शटर खाली, पाडवा-भाऊबीज बंद. आषाढी आणि नवरात्राआधीच्या मंगळवारी सकाळी फक्त उपवासाचं दळते. सोमवारी टाकी झालेली, पाळी झाडून घेतलेली, आणि पहिली एक किलो वरी माझ्या पदरची. त्यानंतर साबुदाणा, राजगिरा. "गव्हावर दळलं का?" हा प्रश्न त्या दिवशी तरी येत नाही.

दुपारसाठी शेजारच्या शिंपीदादांशी बोलून ठेवलंय. दोन ते चारच्या दरम्यान डबा त्यांच्याकडे ठेवा, आत चिठ्ठी टाका, मी साडेचारला आधी तेच दळते, सातला जाताना न्या. वजन तुमच्यासमोर करून चिठ्ठीवर लिहायचं. तरी दोघींनी सांगितलं, धान्य नजरेआड नको. समोर उभं राहून दळून न्यायची सवय आहे, आणि बदललेल्या गव्हाचे किस्से प्रत्येकीकडे आहेत. त्यांना मी काय सांगू?

वहीत आता डब्यापुढे माणूसही लिहिते. दुपारच्या रकान्यात कधी दोन डबे असतात, कधी एक. मावशींचा अजून नाही.