स्क्रीनवर ९३ होतं, कॉफी मात्र आंबट (माझा पीआयडीचा अनुभव)

एस्प्रेसो मशीन घेऊन आता आठ-नऊ महिने झाले. सिंगल बॉयलर, पुढे छोटी स्क्रीन, पीआयडीवालं. आधीचं मशीन साध्या थर्मोस्टॅटचं होतं, म्हणजे बॉयलर थंड झाला की हीटर चालू, तापला की बंद, आणि या चालू-बंदच्या मध्ये पाणी भरपूर डिग्री वर-खाली व्हायचं, त्यामुळे शॉट कधी बरा आणि कधी भिकार हे आपलं नशीब. पीआयडी काय करतो तर ठरवलेल्या आकड्याच्या जवळ आला की हीटरला थोडी थोडी वीज देत राहतो, एकदम सगळी नाही, म्हणून तापमान जागेवर राहतं. हे वाचूनच मी पैसे घातले होते आणि मनात पक्कं होतं की आता आकडा टाकायचा आणि प्यायचं.

मशीन आलं तेव्हा ९३ डिग्रीवर सेट होतं. मी चिकमगळूरची लाइट रोस्ट वॉश्ड अरेबिका आणली होती. १८ ग्रॅम डोस, कपात ३६ ग्रॅम, साधारण २८-३० सेकंद, सगळं पुस्तकी. आणि कॉफी अशी आंबट की जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं, कच्च्या कैरीची फोड खाल्ल्यासारखं. आता लाइट रोस्टला जास्त तापमान लागतं एवढं ऐकून होतो. कारण सोपं आहे, कमी भाजलेला दाणा घट्ट राहतो, त्यातून चव बाहेर यायला जास्त गरम पाणी लागतं, नाहीतर आधी आंबटपणा निघतो आणि गोडवा आतच राहतो. उलट डार्क रोस्टचा दाणा भाजून भाजून ठिसूळ आणि सच्छिद्र झालेला असतो, त्यातून सगळं पटकन निघतं, कडूपणासुद्धा, म्हणून त्याला पाणी थोडं कमी गरम हवं.

तर मी ९३ चं ९५ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आंबट. ९७ केलं. पहिला शॉट परत आंबट! आणि गंमत म्हणजे पाहुणे आले म्हणून अर्ध्या तासाने त्याच ९७ वर दुसरा काढला तर तो इतका कोरडा, तुरट, की घोट घेतल्यावर जीभ टाळूला चिकटली. तेच दाणे, तोच ग्राइंड, तोच आकडा. माझं डोकं फिरलं. वाटलं सेन्सर गेला.

मित्राला फोन केला, तो या नादात माझ्याआधी पडलाय. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "अरे, मशीन चालू करून किती वेळ थांबतोस?" म्हटलं, थांबतोय कशाला, पाच-सहा मिनिटांत स्क्रीनवर ९७ येतंच की. तर म्हणाला, "तो बॉयलरचा आकडा आहे बाबा, ग्रुप हेड आणि पोर्टाफिल्टर काय तुझ्या स्क्रीनला विचारून तापतात का?"

हे मला कळायला इतका वेळ का लागला कुणास ठाऊक. सेन्सर बॉयलरवर बसवलेला असतो. पाणी तिथून निघून पितळेच्या त्या जड ग्रुपमधून आणि मग कॉफी भरायच्या पोर्टाफिल्टरमधून जातं, ते थंड असेल तर वाटेतच उष्णता खाऊन टाकतं. म्हणजे सकाळी मी ज्याला ९७ समजत होतो ते कॉफीपर्यंत पोचेस्तोवर बरंच खाली आलेलं असायचं.

तरी माझं समाधान होईना, मला मोजूनच बघायचं होतं. तपकीर गल्लीतून के-टाइप प्रोब लागणारा एक स्वस्तातला मल्टीमीटर आणला. आधी तो खरं बोलतोय का ते बघायला उकळत्या पाण्यात प्रोब बुडवला तर ९८! मी दुकानदाराला शिव्या घालायच्या बेतात होतो, मग लक्षात आलं की पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. मीटर बरोबर होता, मीच मुंबईच्या हिशोबात होतो. (बॉयलरच्या आत दाब असतो त्यामुळे तिथे याचा फरक पडत नाही, पण पाणी ग्रुपमधून मोकळ्या हवेत आल्यावर पडतो, आकडा फार वर ठेवला तर फ्लश करताना पाणी वाफेसकट फुरफुरत येतं ते म्हणूनच.)

मोजायची पद्धत अशी की थर्माकोलच्या कपाला बाजूने भोक पाडायचं, त्यातून प्रोब आत घालायचा आणि कप ग्रुपला खालून घट्ट लावून पाणी सोडायचं. आता आपल्याकडे बंदी आल्यापासून थर्माकोलचा कप शोधणं म्हणजे एक वेगळाच प्रोजेक्ट, म्हणून मी दोन कागदी कप एकात एक घालून काम भागवलं. पहिले दोन-तीन सेकंदच बघायचे, कारण कॉफी नसताना पाणी धो धो येतं आणि लहान बॉयलरमध्ये मागून थंड पाणी शिरून आकडा लगेच पडायला लागतो, शॉट काढताना पाणी इतकं भराभर जात नाही. आणि हात जपा, माझं बोट एकदा पोळलंय.

स्क्रीनवर ९३ ठेवून मोजलं. मशीन चालू करून सहा मिनिटांनी, म्हणजे ९३ दिसायला लागल्या लागल्या, ग्रुपखाली ८५. पंधरा मिनिटांनी ८९. अर्ध्या तासाने, पोर्टाफिल्टर सुरुवातीपासून लावून ठेवलेला, ९१. नंतर पाऊण तास ठेवलं तरी ९१ च. म्हणजे माझ्या मशीनवर पूर्ण तापल्यावर साधारण दोन डिग्रीचा फरक आहे आणि घाईत आठ डिग्रीचा! मी दोन-दोन डिग्री चढवून जी लढाई लढत होतो ती सगळी या आठ डिग्रीत बुडत होती. मेनूत ऑफसेट बदलता येतो, तो बदलला तर स्क्रीनवर थेट ग्रुपचा आकडा दिसेल, पण मी नाही बदलला, दोन वजा करायला मला जमतं. P, I आणि D या तीन आकड्यांना तर हातच लावला नाही, कंपनीने ते त्या बॉयलरसाठी लावलेले असतात.

यानंतर खरं काम सुरू झालं. नियम एकच केला, अर्धा तास तापल्याशिवाय शॉट नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी ग्राइंडने वेळ जागेवर आणायचा, तो आल्यावरच तापमानाला हात. कारण १८ सेकंदात धावलेला शॉटही आंबट लागतो आणि तो तापमानाचा दोष नसतो. आणि एका डिग्रीने बदलायच्या भानगडीत पडू नका, निदान माझ्या जिभेला एक डिग्री कळत नाही, दोन कळतात.

लाइट रोस्ट आधी घेतली. पूर्ण तापलेल्या मशीनवर ९३, तीच आधीची आंबट कॉफी, यावेळी आंबट होती पण पिता येईल अशी, संत्र्याकडे झुकणारी. ९५ केल्यावर मागून गोडवा आला, गुळासारखा, आणि आंबटपणा त्याच्यात मिसळला. ९७ वर परत तो कोरडेपणा. तर ९५. थोडा घट्ट आंबटपणा राहिलाच होता तो तापमानाने जाईना, मग कपात ३६ ऐवजी ४४ ग्रॅम घेतले तेव्हा गेला. म्हणजे सगळं ओझं तापमानावर टाकू नये, हेही तेव्हाच समजलं.

डार्कला मॉन्सून्ड मलबार होती, आईसाठी. दाण्यावर तेलाची चकाकी, पिशवी उघडली की बोटाला लागते. ९३ वर काढला तर राखेची चव, विडी विझवल्यासारखी, घशात मागे राहणारी. या दाण्याला ग्राइंड थोडा जाड करावा लागला तेव्हा वेळ परत २८ वर आला. ९० वर राख कमी झाली. ८८ वर डार्क चॉकलेट, भाजलेला शेंगदाणा, छान जाड. हौसेने ८६ पण केलं, तर नुसतं पातळ आणि बेचव, वर कुठूनतरी आंबट झाक. ८८ वर परत आलो. मीडियम रोस्ट मधेमधे आणतो ती ९२ वर चालते, तिच्यात फार डोकं लावावं लागलं नाही.

हे आकडे माझ्या स्क्रीनचे आहेत बरं का. तुमच्या मशीनचा बॉयलर आणि ग्रुपमधला फरक वेगळा असणार, ई६१ नावाच्या जड ग्रुपच्या मशीनवर तर तो बराच जास्त असतो, त्यामुळे माझं ९५ उचलून तुमच्याकडे टाकलंत तर काहीही होऊ शकतं. पिशवीवर लिहिलेल्यावर पण जाऊ नका, एका रोस्टरचं मीडियम दुसऱ्याचं डार्क असतं. मी एकदा मीडियम लिहिलेली पिशवी ९२ वर काढून कडू कडू म्हणत बसलो होतो, दाणे हातात घेऊन बघितले तर तेल सुटलेलं. दाणा बघूनच आकडा टाकायचा.

एक गोष्ट मात्र मी पूर्ण फसून शिकलो. ९५ वर माझी काढली, मग आईसाठी ८८ केलं, दोन मिनिटांत काढला शॉट, आणि परत राख. पीआयडी फक्त तापवू शकतो हो, थंड करायची सोय त्याच्यात नाही. वर जायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात, खाली यायला वाट बघायची किंवा फ्लश करून पाणी ओतायचं. आणि फ्लशने स्क्रीनवर झटकन ८८ दिसतं पण ग्रुपचं पितळ अजून आधीच्याच तापात असतं, म्हणजे सकाळच्या घोळाची बरोब्बर उलटी बाजू. वाफ काढून झाल्यावर तर हे आणखी वाईट, कारण त्यासाठी बॉयलर १२५-१३० च्या पुढे जातो, तिथून खाली येऊन लगेच काढलेला शॉट करपलेलाच लागतो.

त्यामुळे आता घरात क्रम ठरलाय. उठल्या उठल्या मशीन ८८ वर चालू, दात घासून, अंघोळ करून येईपर्यंत अर्धा तास होतो. आधी आईचा मॉन्सून्ड मलबार, मग ९५ करून पाच मिनिटं थांबून माझी लाइट. वाफेची भानगड शेवटीसुद्धा नाही, कारण आईला वाफेने तापवलेलं दूध चालत नाही. "कच्चं लागतं रे ते, गॅसवर साय येईपर्यंत उकळू दे," म्हणते, आणि माझ्या मोजून-मापून ८८ वर काढलेल्या शॉटमध्ये ते उकळतं दूध ओतते, वर दोन चमचे साखर.