पत्ते त्याने पिसले, रांग मात्र तिची

पत्ते त्याने पिसले, तिने नाही. त्या संध्याकाळी मला हे वेळेवर सुचलं नाही, आणि आता चार महिने झाले तरी ते डोक्यातून जात नाही.

मी ठाण्यात बारा वर्षं टॅरो वाचते आहे. परदेशी जाण्याचा प्रश्न हल्ली लग्नाच्या प्रश्नाइतकाच येतो. बहुतेकांना व्हिसा कधी येईल तेवढंच हवं असतं, आणि त्याला मी उत्तर देत नाही, कारण कार्डात तारीख नसते. जे रीडर छातीठोकपणे महिना सांगतात ते लोकांची काळजी विकून खातात, असं माझं स्पष्ट मत आहे. हे नवरा-बायको मात्र तारीख विचारायला आले नव्हते. त्याच्या हातात श्टुटगार्टच्या नोकरीचं पत्र होतं. तिचा डोंबिवलीत दातांचा दवाखाना, सहा वर्षांचा. "जावं का?" एवढाच प्रश्न, आणि तो त्यानेच विचारला. ती पर्स मांडीवर धरून बसली होती.

दोघांसाठी मी सात पत्त्यांची मांडणी करते. डावीकडे एकाची तीन पत्त्यांची उभी रांग, उजवीकडे दुसऱ्याची, आणि मध्ये एक पत्ता दोघांचा. प्रत्येक रांगेत वरचा पत्ता म्हणजे आज कुठे उभे आहात, मधला म्हणजे हातात काय आहे, खालचा म्हणजे गेल्यावर काय. एका नवरा-बायकोला एकच रांग मांडणं मी कधीच सोडलं. तसं केलं की जो जास्त बोलतो त्याचंच रीडिंग होतं.

त्याच्या रांगेत वर थ्री ऑफ वाँड्स आलं. उंचावर पाठमोरा उभा माणूस, खाली समुद्रात गलबतं. परदेशाच्या प्रश्नाला हा पत्ता इतका फिट बसतो की त्यावर फार थांबायची गरज नसते. मधे आला रथ, द चॅरियट. खाली हर्मिट, हातात कंदील घेतलेला एकटा म्हातारा. तिच्या रांगेत वर एट ऑफ पेंटॅकल्स, बाकावर बसून एकामागून एक नाणं घडवणारा कारागीर. मधे चाक, व्हील ऑफ फॉर्च्यून. खाली पेज ऑफ पेंटॅकल्स, हातातल्या नाण्याकडे बघत राहिलेला शिकाऊ मुलगा. दोघांच्या मध्ये सिक्स ऑफ स्वोर्ड्स: नावाडी होडी ढकलतोय, पुढ्यात पांघरूण घेऊन पाठमोरी बसलेली बाई आणि मूल, होडीत सहा तलवारी रोवलेल्या.

सात पत्त्यांत तीन मेजर, म्हणजे गड्डीतले मोठे पत्ते, निघाले: रथ, हर्मिट आणि चाक. अठ्ठ्याहत्तरांत बावीस मेजर, म्हणजे सातांत सरासरी दोन यायचेच. एक जास्त आला म्हणून मी त्याचं काही मोठं करत नाही. पण रथ आणि चाक एकाच आडव्या ओळीत, समोरासमोर, आणि तेही 'हातात काय' या जागेवर आले, तेव्हा मी सरसावून बसले.

रथ बघताच तो खुलला. "हा तर कृष्णार्जुनाचा रथ!" आपल्याकडचे जवळजवळ सगळे पुरुष हेच म्हणतात. मग मला दाखवून द्यावं लागतं की या चित्रात सारथीच नाही. 1909 साली लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथने आर्थर वेटच्या सांगण्यावरून काढलेला हा पत्ता. रथात एकच माणूस उभा आहे, रथी तोच आणि हाकणाराही तोच. पुढे घोडे नाहीत, एक काळा आणि एक पांढरा असे दोन स्फिंक्स आहेत. लगाम तर नाहीच. त्याच्या हातात फक्त एक काठी आहे. कठोपनिषदात मन म्हणजे लगाम आणि बुद्धी म्हणजे सारथी. इथे दोन्ही नाहीत, सगळी भिस्त इच्छाशक्तीवर. म्हणून रथ आला की "विजय, प्रवास, जा" असं बोलून मोकळं होणारी वाचनं मला पटत नाहीत. हा पत्ता सांगतो की या माणसाने ठरवलं आहे. ठरवलेलं बरोबर आहे की नाही, हे तो सांगत नाही.

हे मी बोलत असताना ती पहिल्यांदा पुढे वाकली. "मॅडम, ही जनावरं बसलेली आहेत ना?"

खरंच बसलेली आहेत. रथाला चाकं आहेत, डोक्यावर चांदण्यांचं छत आहे, मागे नदीपलीकडे शहर राहिलं आहे, पण चालतंय असं त्यात काहीच नाही. मी हे शिकवताना सांगते, रीडिंगमध्ये मात्र कितीतरी वेळा राहून जातं. दात बघणाऱ्या माणसाची नजर.

मग मी त्यांना कर्क राशीचं सांगितलं. इंग्लंडातल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने मेजर पत्त्यांना ग्रह-राशी वाटून दिल्या, त्यात रथाला कर्क आली. प्रवासाचा समजला जाणारा पत्ता आणि रास मात्र घराची, आईची, पाठीवर कवच घेऊन चालणाऱ्या खेकड्याची. परदेशी जाणाऱ्यांच्या मांडणीत मला हे फार उपयोगी पडतं. रथ काढलेला माणूस बहुधा घर सोडत नसतो, स्वतःभोवतीचं घर उचलून नेत असतो. आणि त्या घरात बायको गृहीत धरलेली असते. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा उच्चारलं नाही.

चाकाला त्याच मंडळाने गुरू दिला. हे ऐकून तो लगेच म्हणाला, "आईने हिच्या पत्रिकेत गुरुबळ बघितलंय, चांगलं आहे." गुरू कर्केत उच्चीचा, म्हणजे चाक आणि रथ एकमेकांना पूरक, असंही ज्योतिषाकडे झुकलेला रीडर म्हणेल. मलाही तो मोह झाला, आणि माझ्या तोंडून "योग चांगला दिसतोय" असं अर्धं निघालंही. ते चुकीचं होतं. राशी-ग्रहांचा मेळ बसवण्याच्या नादात मी जागा विसरले होते. हा पत्ता 'हातात काय' या जागेवर होता.

त्या जागेवर चाक म्हणजे काय, हे चित्रच सांगतं. वर तलवार घेतलेला स्फिंक्स, डावीकडून खाली उतरणारा साप, उजवीकडून वर चढणारा कोल्हेतोंड्या, चार कोपऱ्यांत पंखवाले चौघे पुस्तकं उघडून बसलेले. चाक फिरवणारं कुणीच नाही. मार्सेय परंपरेच्या जुन्या पत्त्यांत चाकाला निदान दांडा आहे, धरणारा हात नसला तरी. स्मिथच्या चित्रात दांडाही नाही. त्याच्या हातात रथ आणि तिच्या हातात जे आहे ते कुणाच्याच हातचं नाही, अशी ती ओळ होती.

मी तिला विचारलं, "तिथे तुमच्या कामाचं काय?"

उत्तर त्याने दिलं. त्याला ब्लू कार्ड, म्हणजे कुशल नोकरदारांचा तिथला परवाना मिळणार, त्यामुळे तिला जर्मनीत पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा. तो खोटं बोलत नव्हता, नियम तसाच आहे. ती शांतपणे म्हणाली, "नोकरीची मुभा आहे. दंतवैद्यकीची नाही." मग पहिल्यांदा ती सलग बोलली. त्यासाठी अ‍ॅप्रोबात्सिओन नावाचा परवाना लागतो. आधी जर्मन बी-टू पातळीपर्यंत, मग डॉक्टरी भाषेची वेगळी परीक्षा त्याहून वरच्या पातळीची, पुढे आपली बीडीएस त्यांच्या पदवीशी जुळते का त्याची तपासणी, आणि जुळली नाही तर ज्ञानाची परीक्षा. तिला हे सगळं पाठ होतं. त्याने बहुतेक पहिल्यांदा ऐकलं, कारण तो तिच्याकडे वळून बसला. एट ऑफ पेंटॅकल्समधला कारागीर खाली पेज होऊन पुन्हा पहिलं नाणं न्याहाळत बसतो, हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही. तिने स्वतःच त्या मुलावर बोट ठेवलं.

मग तिने विचारलं, "म्हणजे माझ्या हातात काही नाही, असं म्हणतंय का हे?"

आणि तेव्हा मला आठवलं की पत्ते त्याने पिसले होते. काटलेही त्यानेच. गड्डी मी नेहमीसारखी टेबलाच्या मध्यावर ठेवली, त्याने उचलली, आणि मी काही बोलले नाही. मग ही उजवी रांग कुणाची? तिची परिस्थिती, की त्याच्या मनातली ती? त्याच्या मनात तिचं पुढचं आयुष्य चाकासारखंच असेल: फिरेल, जुळेल, होईल काहीतरी. तसं असेल तर चाक तिच्याबद्दल बोलतच नव्हतं. ते त्याने न केलेल्या विचाराबद्दल बोलत होतं.

हे मी दोघांना जसंच्या तसं सांगितलं. माझी चूक झाली, हेही. त्याला राग आला नसावा, पण तो गप्प झाला. एकाच बैठकीत एकाच प्रश्नावर मांडणी पुन्हा करायची नाही, हा माझा नियम मी मोडला नाही, कारण दुसऱ्यांदा पिसल्यावर माणूस हवं ते येईपर्यंत पिसत राहतो. फक्त उरलेल्या एकाहत्तर पत्त्यांतून तिला एक काढायला सांगितलं. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको. एवढं पुरे."

शेवटी मी इतकंच म्हटलं, की "जावं का" हा प्रश्न पत्त्यांनी घेतलेला दिसत नाही. रथ जायचं ठरवूनच बसला आहे. उरलेला प्रश्न तिने कधी आणि कशी तयारी करून निघायचं हा आहे, आणि तो तिच्या हातात देता येतो.

तो एकटाच पुढे गेला. ती इथे दवाखाना चालवत जर्मन शिकते आहे. तिने फोनवर सांगितलं तेव्हा तिला हर्मिट आठवत होता. "तुम्ही म्हणाला होतात, तो एकटा असेल." मी तसं म्हटलं नव्हतं. हर्मिटवर मी दोन वाक्यंसुद्धा बोलले नसेन. पण तिला ते तसं ऐकू आलं, आणि त्यांच्या निर्णयात त्या ऐकू येण्याचा किती वाटा आहे, हे मला कळायचा मार्ग नाही. अशा वेळी ओळखीचे रीडर म्हणतात, बघ, बरोबर निघालं. मला ते श्रेय घेववत नाही. पत्त्याने सांगितलं म्हणून तो एकटा गेला असेल, तर बरोबर निघालं असं म्हणताच येत नाही.

आता दोघं आले की गड्डी मी आधी जो गप्प असतो त्याच्या हातात देते. अर्धी त्याने पिसायची, अर्धी दुसऱ्याने, आणि आपापली रांग आपापल्या अर्ध्यातून काढायची. यातही खोट आहे. गड्डीचे दोन भाग केले की एकाच्या वाट्याला मेजर जास्त जाऊ शकतात आणि त्याचीच रांग वजनदार दिसते. तरी निदान हात कुणाचा, हे कळतं.

येत्या रविवारी ती एकटी येणार आहे. प्रश्न वेगळा आहे, असं म्हणाली. पत्ते तीच पिसेल. डावी रांग मांडायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.