घरची किती, करता किती

"सर, बटईनं शेती करणाऱ्यांवर प्रबंध करतेय. त्यांची यादी तलाठ्याकडे नाही, ग्रामपंचायतीत नाही. मग सहेतुक, स्नोबॉल की कोटा, नमुना निवडायला यातली नेमकी कोणती पद्धत धरू?"

तिन्ही लागतील, पण प्रत्येकीचं काम वेगळं आहे. गावं सहेतुक निवडायची. माणसं स्नोबॉलनं, म्हणजे एकाकडून दुसऱ्याचा माग काढत शोधायची. आणि ही साखळी एकाच वस्तीत फिरत राहू नये म्हणून तिला कोट्याचं कुंपण घालायचं. परभणी जिल्ह्यात एका विद्यार्थिनीबरोबर मी हे करून पाहिलं आहे. पहिल्या खेपेला आमचं चुकलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यादी का नाही, इथून सुरुवात करा. सातबारावर मालकाचं नाव असतं. बटई वाट्याची असो की रोख रक्कम देऊन घेतलेल्या ठोक्याची, व्यवहार पाडव्याच्या सुमाराला तोंडी ठरतो, त्याचा कागद होत नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आहे, आणि कसणाऱ्याचं नाव कागदावर चढलं तर उद्या तो कूळ म्हणून हक्क सांगेल ही मालकाची धास्ती असते. कसणाराही गप्प राहतो, कारण बोभाटा झाला तर पुढच्या पाडव्याला रान हातचं जातं. यादी होऊ न देण्यात दोघांचाही जीव अडकलेला आहे. त्यामुळे माणसं मिळतील कशी, कोण सुटेल आणि विचारल्यावर खरं बोलेल का, हे सगळं याच एका गोष्टीवर ठरतं.

प्रश्न "गावात किती टक्के लोक दुसऱ्याची जमीन करतात?" असा असेल तर मात्र या तिन्ही पद्धती बाजूला ठेवा. तीनशे उंबऱ्यांचं गाव दोघांना आठवड्याभरात घरोघर फिरता येतं. "बटईनं करता का?" असं कुणालाच विचारू नका, लगेच "नाही" येतं. "घरची किती एकर आहे?" आणि बऱ्याच वेळानं, पिकांबद्दल बोलताना, "यंदा किती करता?" असे दोन वेगळे प्रश्न विचारा. घरची दोन एकर आणि पेरा सात एकर असेल, तर पाच एकर कुणाची तरी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीतही मालकीची जमीन आणि प्रत्यक्ष कसली जाणारी जमीन वेगवेगळी विचारतात. अशी यादी तुमची तुम्हीच केलीत की तिच्यातून चिठ्ठ्या काढून निवड करता येते.

आमचा प्रश्न टक्केवारीचा नव्हता. व्यवहार कसा ठरतो, पाऊस गेला तर तोटा कुणाच्या अंगावर पडतो, हे आम्हाला समजून घ्यायचं होतं, तेही गावागावातल्या फरकासकट. म्हणून गावं हेतूनं घेतली. एक मानवत तालुक्यातलं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचं. एक जिंतूरकडचं, डोंगराळ आणि कोरडवाहू. एक परभणी शहराला लागून, जिथले बरेच मालक शहरात राहायला गेले आहेत. सहेतुक निवडीत हेतू आधी लिहून ठेवावा लागतो, आणि तिथं बहुतेक जण घसरतात. पाहुण्यांचं गाव सोयीचं म्हणून घ्यायचं आणि अहवालात "सहेतुक निवडलं" लिहायचं, ही सोयीची निवड झाली. तपासायचं असेल तर स्वतःला विचारा: हे गाव न मिळता शेजारचं मिळालं असतं, तर माझ्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर अडलं असतं? उत्तर सुचलं नाही तर निवड सहेतुक नाही.

आता साखळी. पहिल्या गावात आम्ही सरपंचांच्या ओळखीच्या एका ठोकेदारापासून सुरुवात केली. तो भला माणूस होता, त्यानं चार नावं दिली, त्या चौघांनी आणखी दिली. आठ दिवसांत २६ जण झाले आणि मग तीच ती नावं परत येऊ लागली. विद्यार्थिनी खूश झाली, तिला वाटलं गाव पूर्ण झालं. तिच्या वहीत "नाव कुणी सांगितलं" असा एक रकाना होता, तेवढा आम्ही संध्याकाळी बसून उलगडला. सव्वीसही जण एकाच साखळीचे, दोन भावक्यांतले, सगळे गावठाणात राहणारे. सगळ्यांची घरची दोन-तीन एकर होती आणि सगळे रोख ठोक्यानं करणारे. अर्धेलीनं करणारा एकही नाही, बाई एकही नाही. तीच नावं परत येत होती कारण ओळखीचं वर्तुळ पुरं झालं होतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीत, जिथं भूमिहीन घरं अर्ध्या वाट्यानं रान करतात, तिथवर साखळी पोचलीच नव्हती.

नावं परत येणं हे पुरेपणाचं लक्षण धरायचं असेल, तर ती एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन-चार ठिकाणांहून निघालेल्या साखळ्यांमध्ये परत यायला हवीत. म्हणून आम्ही नव्यानं सुरुवातीचे दुवे शोधले, आणि ते दुवे स्वतः बटईदार असायलाच हवेत असा हट्ट सोडला. सगळ्यात उपयोगी पडला ट्रॅक्टरवाला. रान कुणाचंही असो, नांगरटीचे पैसे कोण देतं हे त्याला माहीत असतं. दुसरा कृषी सेवा केंद्राचा मालक, कारण खत-बियाणं उधारीवर कोण नेतं हे त्याच्या वहीत असतं. तिसरी बचत गटाची एक ताई. चौथा सोयाबीन काढणाऱ्या टोळीचा मुकादम. एका माणसाकडून तीनपेक्षा जास्त नावं घ्यायची नाहीत असंही ठरवलं, नाहीतर ज्याचा गोतावळा मोठा त्याचीच माणसं नमुना व्यापून टाकतात. शिवाय प्रत्येकाला "गावात असं रान करणारे तुमच्या ओळखीचे किती?" हे विचारून लिहून ठेवलं. ज्याला सगळे ओळखतात तो साखळीत सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि एकटा पडलेला माणूस सुटतो. या आकड्यानं ती चूक दुरुस्त होत नाही, पण नमुना किती गोतावळ्यातल्यांचा झाला आहे ते दिसतं.

नाव घेण्याबद्दल मी तुम्हाला हात जोडून सांगतो. दुसऱ्यानं सांगितलेलं नाव घेऊन थेट दारात उभे राहू नका. जिंतूरकडच्या गावात एक जण पहिल्या वाक्यालाच म्हणाला, "कुणी सांगितलं तुम्हाला? नाव नका लिहू साहेब, मालक रान काढून घेईल." त्यानंतर आम्ही नावं विचारणं सोडलं. माहिती देणाऱ्याच्या हातात फोन नंबरची चिठ्ठी द्यायची, तो त्या माणसाला विचारेल, तयार असेल तर तो स्वतः फोन करेल. वहीत नावाऐवजी खूणक्रमांक लिहायचा, "कुणी सांगितलं" या रकान्यातही तोच. यात भित्री माणसं सुटतात हे खरं आहे. म्हणून किती चिठ्ठ्या दिल्या आणि किती फोन आले, हेही लिहून ठेवायचं.

कोटा इथं कामाला आला. प्रत्येक गावात २० जण, त्यात १० ठोक्याचे आणि १० वाट्याचे. दोन्हीकडे निम्मे भूमिहीन आणि निम्मे घरची जमीन असलेले. म्हणजे गावात चार खाने, प्रत्येकी पाच माणसं, तीन गावांत मिळून ६०. एक खाना भरला की त्या बाजूची साखळी थांबवायची आणि रिकाम्या खान्याकडे नेणारा दुवा शोधायचा.

एरवी कोटा म्हणजे लोकसंख्येत जसं प्रमाण, तसंच नमुन्यात. तुम्हाला तो मार्ग बंद आहे, कारण प्रमाण माहीतच नाही. काही विद्यार्थी कृषी गणनेतलं अल्पभूधारकांचं प्रमाण उचलून बटईदारांना लावतात. महाराष्ट्रात कृषी गणना महसुली नोंदींवर उभी आहे आणि तोंडी बटई त्या नोंदीत येतच नाही, तेव्हा ते प्रमाण खातेदारांचं आहे, बटईदारांचं नाही. आमचे पाच-पाचचे खाने फक्त तुलनेसाठी होते. आणि खान्याच्या आत कोण निवडायचं हे शेवटी मुलाखत घेणाराच ठरवतो, म्हणून चावडीवर सहज भेटणाराच आत येतो. १९४८ साली अमेरिकेत गॅलपसह तिन्ही मोठ्या चाचण्यांनी अध्यक्षपदी ड्यूई येणार असं सांगितलं होतं आणि आले ट्रूमन. नंतरच्या चौकशीत इतर कारणांबरोबर कोट्याच्या या दुबळेपणावरही बोट ठेवलं गेलं. आमच्याकडे खान्यातली माणसं वेगवेगळ्या साखळ्यांमधून आणल्यानं हा दोष कमी झाला, गेला नाही.

जिंतूरकडच्या गावात एक खाना भरलाच नाही. भूमिहीन आणि ठोक्यानं करणारे पाच हवे होते, चारही दुव्यांकडून मिळाले दोन. विद्यार्थिनी म्हणाली, शेजारच्या गावातले तीन घेऊ. मी नको म्हणालो. ठोक्याची रक्कम पेरणीआधी रोख द्यावी लागते, कोरडवाहू गावात भूमिहीनाला एवढी उसनवार कोण देणार? रिकामा खाना कदाचित हेच सांगत होता. पण आमचे दुवे कमी पडले असंही असेल, म्हणून अहवालात दोन्ही शक्यता लिहिल्या आणि एकूण ५७ जणांवरच थांबलो.

तरीही पहिल्या मसुद्यात एक वाक्य आलंच: "५७ पैकी २७ जण, म्हणजे सुमारे ४७ टक्के बटईदार ठोक्यानं शेती करतात." हे वाक्य तुमच्याही हातून लिहिलं जाईल, म्हणून थांबून पाहा. प्रत्येक गावात दहा-दहा आम्हीच ठरवले होते आणि त्यातले तीन मिळाले नाहीत. त्या ४७ टक्क्यांत मराठवाड्याबद्दल काहीच नाही, ते आमच्या खान्यांचं प्रतिबिंब आहे. ते खोडलं. काय-वर्ग चाचणी आणि त्रुटीची मर्यादाही काढून टाकली, कारण कोण निवडलं जाण्याची शक्यता किती होती हेच माहीत नसेल तर त्या आकड्यांना पाया राहत नाही. उरलं ते असं: कालव्याखालच्या गावात वाट्याचा व्यवहार कसा ठरतो आणि कोरडवाहू गावात कसा, खताचा खर्च कोण उचलतं, पेरणी वाया गेल्यावर कुणी काय सोसलं. ते सगळं राहिलं, कारण ते त्या ५७ जणांनी स्वतः सांगितलेलं होतं.

बचत गटाच्या ताईनं दिलेल्या चिठ्ठीवरून एका विधवा बाईचा फोन आला होता. तिच्या रानाबद्दल आधी गावात विचारलं तेव्हा सगळ्यांनी तिच्या दिराचं नाव सांगितलं होतं. दीर फक्त औत हाकतो. पाडव्याला मालकाशी बोलणं ती करते, वाटा ती मोजून घेते. ट्रॅक्टरवाल्यानंही दिराचंच नाव दिलं होतं, कारण पैसे त्याच्या हातून येतात. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरात एक प्रश्न वाढवला: "मालकाशी बोलणं कोण करतं?"