नुसतं "Discussion" लिहून आलेल्या मीटिंगला मी काय रिप्लाय दिला

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. आमचं कास्टिंग पुण्याच्या एका कस्टमरला जातं आणि त्यांच्या सप्लायर क्वालिटीच्या साहेबांचं एक कॅलेंडर इन्व्हाइट आलं, विषय फक्त Discussion, गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार, खाली एक ओळ पण नाही. आणि बोलावलंय आमच्याकडच्या 9 जणांना, मेल्टिंग, मेथड, कोअर शॉप, मशिन शॉप, डिस्पॅच, अकाउंट्स, म्हंजे वॉचमन तेवढा राहिला.

आता कस्टमर म्हटल्यावर आपल्याकडं सगळे गप Yes दाबतात. पण तीनला आमची भट्टी फुल चालू असते. एसजी आयर्नला मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की साधारण 10 मिनिटांत ओतून संपवायला लागतं, नायतर मॅग्नेशियम उतरतं आणि ग्राफाइट गोल येत नाही, त्यामुळं मेल्टिंगच्या सुपरवायझरला दीड तास स्क्रीनसमोर बसवायचं म्हंजे तेवढा वेळ ओतकाम बंदच. म्हणून मी Maybe दाबलं आणि साहेबांना एकट्याला वेगळा मेल टाकला. सगळ्यांना रिप्लाय नाही करायचा, कारण 9 माणसांच्या देखत "विषय काय" विचारलं की समोरच्याला वाटतं आपली चूक काढली.

मेल इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर साधारण असा. त्यातलं ब्लो होल म्हंजे कास्टिंगमध्ये गॅसमुळं राहिलेली पोकळी, हीट नंबर म्हंजे माल भट्टीच्या कुठल्या घाणीतला त्याचा नंबर, आणि फेटलिंग म्हंजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करायचं खातं:

"सर, गुरुवारचं इन्व्हाइट मिळालं. तयारी करून यायचं आहे म्हणून विचारतो, विषय मागच्या लॉटमधल्या ब्लो होलचा आहे का, की पॅकिंग आणि हीट नंबरचा? ब्लो होलचा असेल तर मेल्टिंग आणि कोअर शॉपला घेऊन येतो, हीट नंबरचा असेल तर डिस्पॅच आणि फेटलिंगला. मीटिंगच्या शेवटी आमच्याकडून काय ठरवून पाहिजे तेवढं सांगितलंत तर तसे कागद घेऊन बसतो. बाकीच्यांना मी मिनिट्स पाठवीन."

यात मुद्दाम "अजेंडा पाठवा" असं म्हटलं नाही. अजेंडा मागितला की त्यांना बसून लिहायला लागतो, मग मेल तसाच पडून राहतो आणि गुरुवार उजाडतो. दोन अंदाज समोर ठेवले की एका शब्दात उत्तर देता येतं. अंदाज चुकला तरी चालतं, उलट चुकीचा अंदाज बघून माणूस जास्त लवकर बोलतो, "नाही नाही, ते नाही" म्हणून.

झालं पण तसंच. संध्याकाळी साहेबांचा फोन, "अहो ब्लो होलचं नाही, पॅलेटच्या टॅगवर एक हीट नंबर आणि आत दोन हीटचा माल निघालाय, टेस्ट सर्टिफिकेट कुठल्या हीटचं धरायचं सांगा." एवढंच. त्यांनी यादी मागच्या कुठल्यातरी इन्व्हाइटवरून उचलली होती. आणि गंमत म्हंजे ज्याची खरी गरज होती तो फेटलिंगचा सुपरवायझर त्या यादीत नव्हताच! आमच्याकडं हीट नंबरचा पंच फेटलिंगला बसतो, माल मिसळायचा तर तिथंच मिसळणार. नऊच्या नऊ जण जाऊन बसले असते तरी "फेटलिंगला विचारून सांगतो" म्हणून उठायला लागलं असतं. त्यामुळं "कोण कोण यायचं" हा प्रश्न फक्त माणसं कमी करायला नाही, राहिलेला माणूस शोधायला पण विचारायचा.

शेवटी मी, डिस्पॅच आणि फेटलिंग असे तिघं बसलो, पंचिंगचं रजिस्टर आणि त्या दिवसाची डिस्पॅच शीट घेऊन. अर्ध्या तासात कुठल्या पॅलेट वेगळ्या काढायच्या आणि पुढनं एका पॅलेटमध्ये एकच हीट हे ठरलं. मेल्टिंगला दोन ओळीचे मिनिट्स गेले, त्यांनी वाचले का नाही देव जाणे.

हे सगळीकडं चालत नाही हां. रेट कमी करायची मीटिंग असली की परचेसवाले विषय मुद्दाम सांगत नाहीत, तिथं खोदून विचारलं तर "आल्यावर बोलू" एवढंच मिळतं. अशा वेळी विषय सोडून द्यायचा आणि फक्त "रेटवर बोलायचा अधिकार असलेलं कुणी सोबत लागेल का सर?" एवढं विचारायचं. हो म्हटले की कळलंच.

आणि आमच्या मालकांना तर मेल करायचा प्रश्नच येत नाही, ते "चारला जरा वर या सगळेजण" म्हणून फोन ठेवतात. त्यांना मी लगेच उलटा फोन लावतो, "साहेब, येताना कुठली फाईल आणू?" रिजेक्शनची म्हणाले तर मशिन शॉपवाल्याला सोबत घेतो, "फाईल नको, नुसतं या" म्हणाले तर आधी एचआरमध्ये डोकावून जातो.