हळू आवाज आणि वाया जाणाऱ्या पायऱ्या: ऊनोवर पीसीएम, पुढची नोंद

पीसीएम म्हणजे आवाज ठरावीक वेळाने मोजून आकड्यांत साठवणं. त्यासाठीची माईक, एमसीपी६००२ हा ऑप-अँप आणि ऊनो ही जोडणी आता स्थिर चालली आहे. नमुने सेकंदाला ८००० मिळतात, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदाला एक. हाच आकडा घेण्याचं कारण टेलिफोनचा आवाज: तो ३०० ते ३४०० हर्ट्झचा असतो. नायक्विस्टच्या नियमाप्रमाणे ३४०० ची दुप्पट, म्हणजे ६८०० नमुने काटेकोरपणे पुरले असते. पण फिल्टर काही भिंतीसारखा उभा कापत नाही, त्याला उताराला जागा लागते. म्हणून ८०००.

वेळ टायमर १ सांभाळतो. १६ मेगाहर्ट्झला २००० ने भागलं की बरोबर ८०००:

```
TCCR1A = 0;
TCCR1B = (1 << WGM12) | (1 << CS10);
OCR1A = 1999;
OCR1B = 1999;
ADCSRB = (1 << ADTS2) | (1 << ADTS0);
```

एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा ऊनोचा भाग, सुरू होतो तो OCR1B च्या जुळणीवर. त्याचा फ्लॅग `TIFR1 = (1 << OCF1B);` असा एडीसीच्या इंटरप्टमध्ये आपणच पुसावा लागतो, नाहीतर एकच नमुना येतो आणि पुढे सगळं शांत. एका रूपांतराला साधारण १०८ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे १२५ मध्ये बसतं, पण फार मोकळं नाही.

फिल्टर तपासायचा असेल तर फोनवर ५००० हर्ट्झचा टोन लावा. रेकॉर्डिंगच्या स्पेक्ट्रममध्ये ३००० वर शिखर दिसलं, तर ते ८००० वजा ५००० चं भूत आहे. माझा दोन टप्प्यांचा फिल्टर ५००० ला निम्म्याहून थोडं खाली आणतो, पुरता घालवत नाही. त्यामुळे 'स' आणि 'श' अजून जरा खरखरीत येतात. सध्या चालवून घेतोय.

खरा मुद्दा पायऱ्यांचा. पाच व्होल्टचे ८ बिटांत २५६ भाग केले की एक पायरी १९.५ मिलिव्होल्टची होते आणि चूक जास्तीत जास्त तिच्या निम्मी. पूर्ण उंचीच्या साइन लहरीसाठी सिग्नल आणि क्वांटायझेशनच्या गोंगाटाचं गुणोत्तर ६.०२ × ८ + १.७६, म्हणजे जवळपास ५० डेसिबल. कागदावर झकास!

पण आवाज पूर्ण उंचीचा येतो कुठे? धाकट्या भावाला माईकसमोर बसवलं, तर तो रंकाळ्यावर पलीकडच्या काठाला हाक मारावी तसा "काय भावा, जेवलास काय?" ओरडला. सिग्नल २.५ व्होल्टच्या वर-खाली २ व्होल्ट गेला, दोनशेच्या आसपास पायऱ्या कामाला लागल्या, ऐकायला छान. मग आज्जी बोलली. तिचा आवाज वर-खाली जेमतेम ०.१ व्होल्ट, म्हणजे एकूण ०.२. त्याला १९.५ मिलिव्होल्टने भागा: दहा पायऱ्या. २५६ पैकी दहा! गुणोत्तरातून २८ डेसिबल गेले, उरले २२. ऑडॅसिटीत झूम केलं की लहर सरळ जिन्यासारखी दिसते. खरखर आज्जीच्या बोलण्याबरोबर येते आणि ती थांबली की जाते. माईकचा हिस्स असता तर तो सतत राहिला असता, फरक यावरूनच ओळखायचा.

सोपा उपाय म्हणजे ऊनोच्या एडीसीची दहाही बिटं पाठवायची. पण त्याला नमुन्यामागे दोन बाइट लागतात. सिरिअलवर एका बाइटला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिटं, म्हणजे सेकंदाला १,६०,०००. ११५२०० मध्ये ते मावत नाही. एक बाइट मात्र ८०,००० त आरामात जातो.

म्हणून आपल्याकडच्या टेलिफोनमध्ये चालतो तोच ए-लॉ घेतला. पायऱ्या २५६ च, पण मधोमध बारीक आणि टोकाला जाड. २.५ व्होल्टच्या बाजूला ४०९६ भाग धरले, तर ए-लॉची सगळ्यात बारीक पायरी २ भागांची आणि सगळ्यात जाड १२८ भागांची. ऊनोच्या एडीसीची एक पायरी ८ भागांची, म्हणजे ४.८८ मिलिव्होल्ट. मध्यापासून ०.१५६ व्होल्टपर्यंत ए-लॉच्या पायऱ्या एडीसीएवढ्या किंवा त्याहून बारीक असतात, म्हणजे आज्जीच्या आवाजाचं एकही बिट हरवत नाही. तिला दहाऐवजी ४१ पायऱ्या मिळाल्या, १२ डेसिबलचा फायदा. भावाच्या ओरडण्याच्या टोकाला पायरी ७८ मिलिव्होल्टची झाली, पण एवढ्या मोठ्या आवाजाखाली ती चूक कानाला लागत नाही.

गणित ऊनोवर करत नाही. एडीसीचे ० ते १०२३ आकडे थेट बाइटमध्ये बदलणारा १०२४ खणांचा तक्ता फ्लॅशमध्ये ठेवलाय. ए-लॉमध्ये शेवटी बाइटला `0x55` शी एक्सॉर करायचं असतं. ते राहिलं तर ऑडॅसिटी फाइल उघडते, पण बोलणं चिरकून येतं. आयात करताना Raw Data, A-Law, 8000 Hz, मोनो असं निवडा.

याहून बारीक पायरी ऊनोच्या दहा बिटांतून निघणार नाही, तक्ता कितीही चांगला केला तरी. पुढे १२ बिटांचा एमसीपी३२०१ एसपीआयवर जोडतोय. त्याची पायरी १.२२ मिलिव्होल्ट, म्हणजे ए-लॉच्या सगळ्यात बारीक पायरीएवढीच.